उशी, सैल वेणी आणि मानेमागचा गुंता

खानापुरात पाऊस बसला की आठ-आठ दिवस उन्हाचं तोंड दिसत नाही. माझी भाची तिथून रोज सकाळच्या गाडीने बेळगावात कॉलेजला येते. सकाळी डोक्यावरून न्हायला वेळ नसतो, म्हणून ती रात्री जेवण झाल्यावर न्हायची, टॉवेलने केस खसाखसा पुसायची आणि मोकळे सोडून झोपायची. केस कमरेखाली, मोजले तर चौतीस इंच. गेल्या पावसाळ्यात एकदा मुक्कामाला आली तेव्हा पहाटे आरशापुढे रडकुंडीला आलेली दिसली. "मावशी, गुंता सुटंना झालाय बघ. गाडी चुकायलीय की!" कंगव्यात केसांचा पुंजका, आणि मानेमागे लिंबाएवढी गाठ.

माझं सासर वडगावात, मागांच्या खडखडाटात. कापड कशाने खरखरीत होतं आणि कशाने गुळगुळीत, हे आमच्या घरात चहाच्या वेळी बोलायचे विषय. केसांचा गुंता मात्र मी बरीच वर्षं नशिबाचा भाग समजत होते. भाचीच्या निमित्ताने त्याच्या मुळाशी गेले, तेव्हा कळलं की सुताचं आणि केसाचं दुखणं बरंचसं एकच आहे.

आमच्या जुन्या घरावर मंगळुरी कौलं आहेत. आढ्याकडचं कौल खालच्या कौलावर चढलेलं, ते त्याच्या खालच्यावर. पाणी आढ्याकडून वळचणीकडे सरळ वाहून जातं. पण कुणी वळचणीकडून आढ्याकडे हात फिरवला, तर प्रत्येक कौलाची कड बोटाला अडकेल. केसाचं वरचं आवरण अगदी असंच असतं. अतिशय पातळ खवले मुळाकडून टोकाकडे एकावर एक रचलेले असतात, आणि त्यांच्या मोकळ्या कडा टोकाकडे असतात. गळलेला एखादा लांब केस घ्या आणि चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे ओढा. मग उलट ओढून बघा. उलट्या दिशेला तो किंचित खरखरतो. आणखी एक गंमत करून बघण्यासारखी आहे. केस अंगठा आणि बोटाच्या मध्ये लांबीच्या दिशेने ठेवून दोन्ही बोटं एकमेकांवर पुढेमागे घासत राहा. केस आपोआप एका बाजूला सरकू लागतो, आणि ती बाजू नेहमी मुळाची असते.

गुंत्याचं कारण याच सरकण्यात आहे. धनगराच्या घोंगडीची लोकर ओली करून रगडली की धागे एकमेकांत शिरतात आणि परत सुटत नाहीत. लोकरीचे खवले माणसाच्या केसांपेक्षा जास्त उभारलेले असतात, म्हणून तिचा नमदा लवकर होतो. पण ओलावा, दाब आणि पुढेमागे घासणं या तीन गोष्टी मिळाल्या की माणसाच्या केसांतही तेच घडू लागतं. भाची रात्री ओले केस सोडून झोपायची, त्यांवर डोक्याचा भार पडायचा आणि रात्रभर कूस बदलताना मान उशीवर घासली जायची. म्हणजे तिन्ही गोष्टी ती रोज स्वतःच पुरवत होती.

गाठ नेमकी मानेमागेच का होते, हेही यावरून समजतं. तिथले केस सगळ्यांत खालच्या थरातले आणि बारीक. घाम तिथे साचतो, वारा पोचत नाही, न्हाल्यावर तोच भाग शेवटी वाळतो. दिवसभर ब्लाउजची किंवा ड्रेसची कड तिथे घासत असते, आणि रात्री उशीची कड बरोबर त्याच खोलगट भागाखाली येते. भाचीच्या गळ्यात बारीक साखळी असते. तिचा फासा मानेमागे फिरून आला की दोन-चार केस त्यात अडकायचे आणि तिथून गाठीला सुरुवात व्हायची. मंगळसूत्राचंही हेच होतं. साखळी काढायची नसेल तर फासा पुढे छातीवर घेऊन झोपावं. गजरा माळला असेल तर तो आणि त्याची पिन झोपण्याआधी काढावी. अबोलीच्या वळेसरातला दोरा केसांत राहून गेला तर सकाळी त्याच्याभोवती केसांचा वेढा बसलेला दिसतो.

आता दुसरं कारण, लांबीचं. अमेरिकेत सॅन डिएगोला डग्लस स्मिथ आणि डोरियन रेमर या दोघांनी दोरीला आपोआप गाठी कशा पडतात याचा अभ्यास केला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी एका पेटीत दोरी टाकून पेटी गोल फिरवली आणि नंतर दोरीला गाठ पडली का ते पाहिलं. असं तीन हजारांहून जास्त वेळा केलं. दोरी सुमारे अर्ध्या मीटरपेक्षा आखूड असली तर गाठ जवळपास पडतच नव्हती. लांबी वाढली तशी गाठींची शक्यता झपाट्याने वाढत गेली. आणि मला सगळ्यांत मोलाचं वाटलं ते हे, की पेटी लहान असल्याने दोरीला हलायला जागा उरली नाही, तेव्हा गाठी कमी झाल्या. केस म्हणजे दोरी नव्हे, त्यामुळे अर्ध्या मीटरचा आकडा तसाच्या तसा केसांना लावता येणार नाही. पण गाठ पडायला मोकळं टोक आणि हलायला जागा लागते, हे दोघांनाही लागू आहे. भाचीचे केस मोकळे असतात तेव्हा प्रत्येक केसाला दोन्ही मिळतात. वेणी घातली की टोकं एका जागी बांधली जातात आणि मधली लांबी शेजारच्या केसांना धरून राहते.

त्यात गळलेल्या केसांची भर पडते. माणसाच्या डोक्यावरून रोज पन्नास ते शंभर केस गळतात, ते नैसर्गिक आहे. आखूड केस असले तर ते खाली पडून जातात. चौतीस इंची केसांतला गळलेला केस पडत नाही, बाकीच्या केसांतच लोंबकळत राहतो. त्याचं मूळ आता डोक्याला धरलेलं नसतं, म्हणून तो उलटतो आणि त्याचे खवले शेजारच्या केसांच्या उलट्या दिशेला येतात. सकाळची गाठ हळूच सोडवून बघितली तर बहुतेक वेळा तिच्या मध्यभागी असे पाच-सात सुटे केस सापडतात. म्हणून झोपण्याआधी केस विंचरणं हा वेळेचा अपव्यय नाही. दिवसभरात गळलेले केस रात्र सुरू होण्याआधी बाहेर निघतात.

भाचीबरोबर मी एक ठरवलं. सगळं एकदम बदलायचं नाही, एका आठवड्याला एकच गोष्ट बदलायची आणि रोज सकाळी घड्याळ लावून किती मिनिटं लागली ते वहीत लिहायचं. पहिला आठवडा काहीच बदललं नाही. सरासरी बावीस मिनिटं लागत होती.

दुसऱ्या आठवड्यात फक्त न्हाण्याची वेळ बदलली. कॉलेजहून आल्यावर, चहाच्या आधी, पाचच्या सुमाराला न्हायचं. केस पाण्याने साधारण सातव्या हिश्शाने जाड होतात, लांबीला मात्र फारसा फरक पडत नाही. फुगलेल्या केसाचे खवले थोडे उघडतात, त्यामुळे ओला केस शेजारच्या केसाला जास्त चिकटून घासतो. शिवाय तो रबरासारखा ताणला जातो, आणि अति ताणला तर परत पूर्वीसारखा होत नाही. टॉवेलने खसाखसा पुसणं तिने थांबवलं. जुना मऊ पंचा घेऊन केसांची एक-एक बट त्यात दाबायची, पाणी पंच्यात उतरू द्यायचं, बस्स. पावसाळ्यात वरवर वाळलेले केस आतून ओले असतात हे ओळखायची एक सोपी खूण आहे. बोटांची मागची बाजू मानेजवळच्या केसांत आत घालून बघा. गार लागलं तर तिथे अजून पाणी आहे, कारण पाणी उडून जाताना गारवा देतं. गारवा लागेना झाला की मगच वेणी. ओल्या केसांची वेणी घातली तर आतला भाग सकाळपर्यंत दमट राहतो, कुबट वास येतो आणि टाळूला खाज सुटते. त्या आठवड्यात वेळ सोळा मिनिटांवर आली.

तिसऱ्या आठवड्यात वेणी. इथे आमचं पहिल्यांदा चुकलं, आणि ती चूक पुष्कळ जणी करतात, म्हणून नीट सांगते. "सैल वेणी घाल" म्हटल्यावर भाचीने इतकी सैल घातली की मध्यरात्रीच ती अर्धी उलगडली. सकाळी मोकळ्या केसांपेक्षा वाईट अवस्था. तीन पेड एकमेकांतून निसटताना मध्येमध्ये फासे तयार होतात आणि त्यांतून सुटे केस आरपार जातात. दुसऱ्या रात्री ती शाळेसारखी घट्ट, कानाच्या वरून आवळलेली वेणी घालून झोपली. गुंता झाला नाही, पण कपाळाच्या कडेला ओढ लागून डोकं दुखलं, आणि मानेजवळचे बारीक केस मधूनच तुटलेले दिसले. घट्ट वेणीत केसांना डोक्याबरोबर हलायला वाव राहत नाही. कूस बदलली की सगळा ताण मुळांवर येतो. रोज असं होत राहिलं तर केसांची रेघ मागे सरकू लागते.

तिसऱ्या रात्री मी तिची वेणी माझ्या हाताने घातली. आधी टोकांपासून वर येत रुंद दातांच्या कंगव्याने विंचरलं. मग चहाच्या अर्ध्या चमच्याएवढं खोबरेल तळहातावर चोळून फक्त खालच्या अर्ध्या केसांना लावलं. बेळगावच्या थंडीत खोबरेल थिजतं, कारण चोवीस अंशांखाली ते घट्ट होऊ लागतं. अशा वेळी तळहाताच्या उबेत ते पुरतं पातळ होईपर्यंत चोळावं, गोळे केसांना लावू नयेत. टोकांनाच तेल का? केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे भाचीच्या केसाचं टोक सहा-सात वर्षांचं जुनं. केसाच्या पृष्ठभागावर जन्मतः एक स्निग्ध थर असतो. इतक्या वर्षांच्या न्हाण्याने आणि विंचरण्याने टोकांकडे तो झिजून गेलेला असतो. त्यामुळे गुंत्याला टोकं जास्त बळी पडतात. खोबरेल तेलाचे रेणू केसाच्या आतही शिरतात, खनिज तेलाचे शिरत नाहीत. म्हणून खनिज तेलापासून केलेल्या सुगंधी पातळ तेलापेक्षा घरातलं खोबरेल मला या कामासाठी जास्त बरं वाटतं.

वेणीची सुरुवात मानेच्या खोलगट भागाजवळ, कानाच्या पाळीच्याही खाली केली. पहिले दोन पेड जरा सैल, तिथे डोक्याची कातडी आणि वेणी यांच्यामध्ये एक बोट सहज जाईल इतकी जागा. पुढचे पेड मात्र मध्यम आणि एकसारखे, ना सैल ना आवळलेले. या पेडांत मध्येच एक सैल आणि पुढचा घट्ट असं झालं तर सैल जागी फुगवटा येतो आणि गुंता तिथेच होतो. चौतीस इंचांच्या केसांना दहा-बारा पेड पुरतात. खाली तीन-चार बोटांची शेंडी ठेवून वेणी बांधली. बांधायला रबरबँड नाही. रबर केसाला धरून ठेवतो आणि काढताना ओढतो, त्याच ठिकाणी केस दुभंगलेले सापडतात. मऊ कापडाची बोटभर रुंद पट्टी दोन वेळा गुंडाळून साधी गाठ मारली. घालून झाल्यावर भाचीला म्हटलं, डोकं हलव, मान दोन्ही बाजूंना वळव. कुठेही ओढ लागली नाही आणि वेणी सुटली नाही, तर ती झोपायच्या जोगी झाली.

वेणी ठेवायची कुठे, याचाही विचार करावा लागतो. भाची उताणी झोपते. तिची वेणी उशीच्या वरच्या कडेवरून पलीकडे, भिंतीकडे सोडली. तशी ती मानेखाली दबत नाही आणि कूस बदलली तर डोक्याबरोबर फिरते. जी कुशीवर झोपते, तिने वेणी एका बाजूला घालून छातीवर घ्यावी. पाठीखाली गेली तर खांद्याचा भार तिच्यावर पडतो आणि मान वळवताच हिसका बसतो. फार दाट केस असतील तर दोन सैल वेण्या चांगल्या. एकाच जाड वेणीचा गोळा डोक्याखाली टोचतो आणि झोपेत हात आपोआप ती सोडायला जातो. त्या आठवड्याच्या शेवटी वहीत नऊ मिनिटं लिहिली गेली.

चौथ्या आठवड्यात उशीचा अभ्रा. मला वाटलं होतं की सगळ्यांत जास्त फरक यानेच पडेल, कारण माझा कल कापडाकडे. तसं झालं नाही. नऊवरून सात मिनिटं, एवढाच फरक. पण तो फरक नेमका मानेमागच्या गाठीत आणि कपाळाच्या कडेच्या तुटक्या केसांत दिसला. कारण सरळ आहे. वेणीच्या आत असलेल्या केसांना उशी लागतच नाही. जे डोक्याला चिकटून असतात, त्यांनाच लागते.

सुती कापडाबद्दल माझ्या सासऱ्यांनी मला फार पूर्वी एक गोष्ट दाखवली होती. सुताचा धागा उजेडासमोर आडवा धरायचा. कडेने बारीक लव उभी दिसते. कापसाचे तंतू दोन-तीन सेंटिमीटरचेच असतात. ते पिळून लांब धागा करतात, त्यामुळे प्रत्येक तंतूचं टोक कुठेतरी बाहेर डोकावतं. ही लव केसाच्या खवल्यांना पकडते. रेशमाचं तसं नाही. एका कोशातून शेकडो मीटर लांबीचा अखंड तंतू निघतो, म्हणून कडेला टोकं नाहीत आणि उजेडात धागा स्वच्छ दिसतो. शिवाय सूत तेल आणि पाणी शोषून घेतं. टोकांना लावलेलं खोबरेल सकाळी अभ्र्यावर डागाच्या रूपात दिसतं, केसांवर कमी उरतं.

पण "रेशीम घ्या" एवढं सांगून भागत नाही, कारण रेशीम म्हणजे एकच कापड नव्हे. मैसूर रेशमी साडी आपल्याकडे लग्नात घेतात. ती क्रेपची असते, तिचा धागा मुद्दाम जास्त पिळलेला असतो आणि त्यामुळे कापडाला बारीक दाणा येतो. हाताला ती मऊ लागते, पण घसरणीला साध्या सपाट रेशमाइतकी चांगली नाही. टसर त्याहून भरड. साटन हे तर कापसाचं किंवा रेशमाचं नाव नव्हे, विणीचं नाव आहे. या विणीत ताण्याचा उभा धागा अनेक आडव्या बाण्यांवरून सरळ जातो आणि मग एकदाच खाली दबतो, म्हणून वरची बाजू गुळगुळीत होते. पॉलिएस्टरचं साटनही केसांना घसरायला चांगलंच, आणि रेशमाच्या मानाने पुष्कळ स्वस्त. त्याची अडचण वेगळी आहे. घाम शोषत नाही, आणि जानेवारीतल्या कोरड्या हवेत त्यात वीज साचून केस उडायला लागतात. दुकानातल्या कापडाची शंका असेल तर कडेचा एक धागा चिमट्यात धरून जाळून बघा. रेशीम जळताना जळक्या केसाचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते, कारण रेशीम आणि केस दोन्ही प्रथिनांचेच. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो.

आम्ही नवा अभ्रा घेतला नाही. माझ्या एका जुन्या सपाट रेशमी साडीचा केला. काठ, पदर आणि बुट्टीचा भाग टाळला. जरीचे धागे टोचतात, आणि बुट्टीच्या उलट्या बाजूचे लोंबते धागे केसांना फासासारखे अडकतात. जुनं रेशीम घडीच्या रेघेवर विरलेलं असतं, म्हणून कापण्याआधी कापड उजेडात धरून दोन्ही हातांनी हलकं ताणून पाहिलं. उशी सत्तावीस बाय सतरा इंचांची. त्यासाठी त्रेसष्ट इंच लांब आणि एकोणीस इंच रुंद अशी एकच पट्टी कापली. त्यात पुढची आणि मागची बाजू अठ्ठावीस-अठ्ठावीस इंच, उशी आत दडवायला सहा इंचांची दुमड आणि एक इंच शिवण. बटण किंवा चेन लावलीच नाही. शिवणी आतल्या बाजूला. उरलेल्या तुकड्याची वेणी बांधायची पट्टी झाली. हा अभ्रा आठवड्याला गार पाण्यात रिठ्याने धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. धुण्याचा सोडा किंवा कडक पावडर रेशमाला खाते, आणि दोन महिन्यांत पृष्ठभाग झिजून तो सुतासारखाच खरखरीत होतो. धुतलाच नाही तर तेल आणि धूळ मिळून चिकट थर बसतो, आणि मग गुळगुळीत कापडाचा काही उपयोग राहत नाही.

ज्यांना यातलं काहीच जमणार नाही, त्यांच्यासाठी जुन्या मलमलच्या सुती साडीचा अभ्राही नव्या जाड सुतीपेक्षा बरा. फक्त त्यावर बारीक गोळे आलेले नसावेत. थंडीत लोकरीची कानटोपी किंवा मफलर थेट केसांवर बांधून झोपणं मात्र टाळावंच. खवल्यावर खवला घासण्याचा तो सर्वांत वाईट प्रकार आहे. टोपी हवीच असेल तर आत आधी रेशमी रुमाल बांधावा.

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आमच्या थोरल्या आत्याचं खुब्याचं हाड मोडलं आणि शस्त्रक्रियेनंतर ती तीन आठवडे उताणी पडून होती. केसांचा अंबाडा तसाच डोक्याखाली. सगळ्यांचं लक्ष पायाकडे, केसांकडे कुणाचंच नाही, माझंही नाही. घरी आणल्यावर पाहिलं तर मागे तळहाताएवढी चापट जट. शेजारची म्हातारी हात जोडून म्हणाली, "यल्लम्मा आली हो अंगावर. कात्री लावू नका." यल्लम्माचं सौंदत्ती आमच्याच जिल्ह्यात. जट दिसली म्हणून मुली देवीला सोडल्या गेल्या, ही गोष्ट आमच्या भागात पिढ्यांनी पाहिली आहे. कर्नाटकाने १९८२ साली कायदा करून मुली सोडण्यावर बंदी घातली, तरी जटेची भीती मनातून गेलेली नाही. मी आत्याला आणि त्या आजींना जवळ बसवलं आणि जटेची एक कड उलगडून दाखवली. आत गळलेले केस, तेल, घाम आणि अभ्र्याच्या सुताचे बारीक तंतू होते. जी गाठ भाचीच्या मानेमागे एका रात्रीत लिंबाएवढी होते, तीच तीन आठवडे न सोडवता दाबली गेली की तिची जट होते. मधे कुठेही देवीचा हात लागत नाही.

आत्याची जट आम्ही तीन दिवसांत सोडवली. कोमट खोबरेल मुरवून तासभर ठेवायचं, मग कडेपासून आत, टोकाकडून मुळाकडे, बोटांनी एकेक केस वेगळा करायचा. बोट जात नाही तिथे वाकळ शिवायच्या दाभणाचं टोक घासून बोथट केलं आणि गाठीच्या मध्यात घालून ती पसरवली. पाणी लावायचं नाही, जटेला पाणी लागलं की ती आणखी आवळते. मधला दोन बोटांचा भाग सुटलाच नाही, तो कापावा लागला. अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या केसांच्या दोन सैल वेण्या दोन्ही कानांच्या बाजूने पुढे घ्याव्यात आणि एक दिवसाआड सोडून परत घालाव्यात. एवढं आम्ही पहिल्या दिवसापासून केलं असतं तर तिचे केस वाचले असते.

सकाळी वेणी उघडतानाही घाई झाली तर रात्रभराची काळजी वाया जाते. पट्टी सोडायची, मग खालचे पेड बोटांनी आधी मोकळे करायचे आणि तसंच वर वर यायचं. वरून कंगवा ओढला तर सगळे गळलेले केस खाली ढकलले जाऊन टोकाशी घट्ट गोळा होतो. मानेमागे गाठ असलीच तर तिच्या वरचे केस मुठीत घट्ट धरायचे, म्हणजे ओढ मुळांपर्यंत जात नाही, आणि गाठ बाहेरून आत उलगडायची. कंगव्यात आलेले केस एकदा पांढऱ्या कागदावर ठेवून बघावेत. ज्यांच्या एका टोकाला बारीक पांढरा कंद आहे ते गळलेले, म्हणजे जायचेच होते. कंद नाही आणि लांबीने आखूड आहेत, ते तुटलेले. तुटके जास्त दिसू लागले तर वेणी घट्ट होते आहे, की साखळी अडकते आहे, की अभ्रा झिजला आहे, हे तपासायचं. गळलेलेच फार वाढले तर मात्र ते उशीने किंवा वेणीने थांबणार नाहीत. ते डॉक्टरांना दाखवावं.

दसऱ्याच्या सुट्टीत भाची परत आली, ऊन पडलं होतं, केस पूर्ण वाळलेले. एक रात्र तिने हट्टाने वेणी न घालता त्याच रेशमी अभ्र्यावर केस मोकळे सोडून झोपून पाहिलं. सकाळी वहीत तिने स्वतःच लिहिलं: सतरा मिनिटं.